बंद घरातली शेगडी मंद जळते? बर्नर घासण्याआधी खालची नळी बघा

मी रत्नागिरी जिल्ह्यात शेगडी दुरुस्तीचं काम करतो. वर्षातून दोनदा माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन लागोपाठ येतात. एकदा मे महिन्यात, आणि एकदा गणपतीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत. मुंबई-पुण्याहून मंडळी गावच्या घरी येतात, कुलूप उघडतात, चहा ठेवायला जातात आणि गॅस नीट पेटत नाही. एक बर्नर पिवळा जळतो, नाहीतर दोन्ही मिणमिणतात, नाहीतर पेटवताना खालून ‘फट्’ असा आवाज येतो. निघताना शेगडी अगदी व्यवस्थित चालत होती, असं प्रत्येकजण सांगतो, आणि ते खरंही असतं. घर बंद असताना शेगडी कोणी वापरली नाही, पण तिच्यात कोणीतरी राहायला आलेलं असतं.

बहुतेकजण अशा वेळी बर्नर काढून घासतात, भोकांत सुई घालतात, चिंच-मीठ लावून पितळ चकचकीत करतात. तासभर जातो आणि ज्योत तशीच राहते, कारण अडकलेली जागा दुसरीच असते.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेलेल्या घराचीच गोष्ट सांगतो. शिमग्यानंतर ते घर थेट गणपतीला उघडलं होतं, म्हणजे शेगडी जवळपास पाच महिने बंद. साधी दोन बर्नरची स्टीलची शेगडी. वहिनींनी दारातच सांगितलं, “दादा, उजवीकडचा गॅस झकास आहे. डावीकडे उकडीचं पाणी ठेवलं तर अर्धा तास झाला तरी आधण येत नाही, आणि पातेलं बुडाला काळंकुट्ट झालंय.” मी डावा बर्नर पेटवून बघितला. ज्योत उंच, लवचिक, पिवळी, वाऱ्यावर समईची ज्योत हलते तशी. गॅस बारीक केल्याबरोबर ‘फट्’ आवाज झाला आणि वरची ज्योत गेली. वाकून बघितलं तर नॉबच्या मागे, शेगडीच्या पोटात, निळसर उजेड दिसत होता. गॅस खालीच पेटला होता. मी नॉब बंद केला, लगेच रेग्युलेटर बंद केला.

आता खराबी नेमकी कुठे आहे, हे शेगडी न खोलता कळतं. दोन्ही बर्नर गार होऊ दिले आणि त्यांची अदलाबदल केली. ही शेगडी दोन्हीकडे एकाच मापाच्या बर्नरची होती, म्हणून हे जमलं. तुमच्याकडे एक लहान आणि एक मोठा असेल, तर हा प्रयोग करू नका. बर्नर बदलल्यावर पिवळी ज्योत बर्नरबरोबर उजवीकडे गेली असती, तर दोष बर्नरच्या भोकांत होता. ती डावीकडेच राहिली. म्हणजे बर्नर चांगला, दोष त्याच्या खाली. उजवा पहिल्यापासून उत्तम जळत होता, त्यामुळे सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी पाइप यांच्यावरचा संशयही तिथेच संपला. त्यांच्यात दोष असता, तर दोन्हीकडे दिसला असता.

बर्नरच्या खाली काय असतं, हे एकदा समजून घ्या. नॉबमधून गॅस पुढे येतो तो एका छोट्या पितळी जेटमध्ये. जेटला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. त्यासमोर एक जाड नळी असते, तिला आम्ही मिक्सिंग ट्यूब म्हणतो. जेट आणि नळीचं तोंड यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. जेटमधून गॅसची बारीक धार जोरात नळीत शिरते आणि जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते. गॅस आणि हवा नळीत मिसळतात, मग वर बर्नरला येऊन पेटतात. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला नीट जळायला एक भाग गॅसमागे साधारण 25 ते 30 भाग हवा लागते. त्यातली बरीचशी या नळीच्या तोंडातूनच आत जाते, उरलेली ज्योतीला बाहेरून मिळते.

हे सगळं चालतं फार थोड्या दाबावर. घरगुती रेग्युलेटरमधून बाहेर येणारा दाब म्हणजे जेमतेम फूटभर उंच पाण्याच्या दाबाइतका. जेटमधून बाहेर पडल्यावर तोही उरत नाही, धारेचा नुसता वेग उरतो. त्यामुळे नळीत कोळ्याचं साधं जाळं असलं तरी धार तिथे अडखळते, हवा कमी ओढली जाते आणि ज्योत पिवळी पडते. जाळं दाट असेल तर गॅस पुढे न जाता नळीच्या तोंडातून मागे सांडतो आणि शेगडीच्या पोटात पेटतो. ‘फट्’ आवाजाचं कारणही इथलंच. बर्नरमधून बाहेर येणाऱ्या मिश्रणाचा वेग कमी झाला की ज्योत उलटी नळीत शिरते.

कोळ्याला ही जागा का आवडते, ते नळीकडे बघितलं की समजतं. अंधारी, कोरडी, अरुंद, वर छप्पर, आणि एका बाजूने उघडी. गॅसच्या वासाकडेही काही कोळी ओढले जातात, असं म्हणतात. 2011 साली अमेरिकेत माझदा कंपनीने हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत पिवळे कोळी जाळी करत होते. शेगडीच्या बाबतीत मला वासापेक्षा शांतता महत्त्वाची वाटते. रोज पेटणाऱ्या शेगडीत मला कोळ्याचं घर क्वचितच सापडलं आहे. झुरळं मात्र रोजच्या शेगडीतही सापडतात, कारण त्यांना सांडलेलं तेल आणि दूध हवं असतं.

तर पुढे. सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, देवघरातली समई शांत करायला सांगितली. जाळ्या, ताटल्या आणि बर्नर काढून ठेवले. शेगडीचा पाइप काढला आणि ती वर्तमानपत्रावर उलटी केली. डावी मिक्सिंग ट्यूब बर्नरच्या बाजूला एका स्क्रूने बसवलेली होती. स्क्रू सैल केल्यावर नळी मागे सरकून जेटपासून वेगळी झाली. शेगडीच्या मापाप्रमाणे ही रचना थोडी बदलते, पण नळी सुटी होत नसेल तर ओढाताण करू नका, वाकलेली नळी परत सरळ बसत नाही.

मोबाइलचा टॉर्च नळीच्या तोंडात धरला. दोन इंच आत, जिथे नळी किंचित बारीक होते, तिथे कापसाच्या गोळीसारखा पांढरा पुंजका होता. रेशमासारखा घट्ट विणलेला, आणि त्याच्या पुढे-मागे जाळ्याचे धागे. कोळ्याच्या अंड्यांची पिशवी. फुंकर मारली तर हललीसुद्धा नाही. म्हणूनच मी लोकांना सांगतो, की फुंकून किंवा सायकलच्या पंपाने हवा मारून हे निघत नाही, फार तर आणखी आत जाऊन बसतं. लहान बाळाच्या दुधाच्या बाटलीचा बारीक ब्रश असतो ना, तो यासाठी उत्तम. वहिनींकडे तो नव्हता, म्हणून जाड तारेच्या टोकाला सुती चिंधी घट्ट गुंडाळली. तार बर्नरच्या बाजूने आत घालून तोंडाच्या बाजूला बाहेर काढली, म्हणजे घाण जेटकडच्या रुंद तोंडातून बाहेर पडते. पहिल्यांदा पुंजका आला, दुसऱ्यांदा जाळं आणि एका कोळ्याची कोरडी कात, तिसऱ्यांदा चिंधी स्वच्छ आली. मग नळी उजेडाकडे धरून आरपार बघितली. जिथवर नळी सरळ असते तिथवर आतली भिंत गुळगुळीत चमकायला हवी. वळणाच्या पुढे दिसत नाही, तिथे चिंधीवरच विसंबावं लागतं.

नळी साबणाच्या पाण्याने धुतलीत तर ती पूर्ण वाळेपर्यंत बसवू नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. नळीत झुरळं मारायचा स्प्रे मारू नका. बहुतेक स्प्रेमध्ये दाबाखाली भरलेला वायू आणि द्रावण, दोन्ही पेट घेणारे असतात. रॉकेल, पेट्रोलही नाही. चिंधी पुरते.

जाळं काढल्यावर जेटही बघावा, कारण त्याचे तुकडे तिथेही अडकतात. जेट पान्याने काढून उजेडासमोर धरला की त्याचं भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. अडकलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, बारीक ब्रश फिरवून, उलट्या बाजूने फुंकावं. सुई, टाचणी, स्टोव्हची पिन यांतलं काहीही त्या भोकात घालू नये. पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, आणि मग नळी कितीही साफ केली तरी ज्योत पिवळीच राहते. मी बघितलेल्या कायमच्या बिघडलेल्या शेगड्यांमध्ये अशा सुई घातलेल्या जेटांचा भरणा मोठा आहे. दोन जेट वेगळ्या मापाचे असतील तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, काढतानाच एकाला दोरा बांधून ठेवा.

बसवताना बघायचं ते एवढंच, की जेटचं टोक नळीच्या तोंडाच्या बरोबर मधोमध येतंय का. ते एका बाजूला झुकलं तर धार नळीच्या भिंतीवर आपटते आणि सगळी मेहनत वाया जाते. त्या घरी सगळं जागेवर बसवल्यावर रेग्युलेटर उघडला, पण शेगडी लगेच पेटवली नाही. वाटीत साबणाचा फेस करून तो पाइपच्या दोन्ही टोकांना, नॉबच्या मुळाशी आणि काढलेल्या सांध्यांना बोटाने लावला. बुडबुडा फुगत असेल तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधायची सवय अजून काही घरांत आहे, ती कृपया सोडा. फेस शांत राहिला, तेव्हा डावा बर्नर पेटवला. प्रत्येक भोकावर निळा, टोकदार कोंब उभा राहिला. वहिनींनी उकडीचं पाणी परत चढवलं आणि दहा मिनिटांत आधण आलं.

ज्योतीच्या रंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यावरून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निश्चिंत राहतात. निळ्या ज्योतीत मधूनच केशरी ठिणग्या उडत असतील, तर ती हवेतली धूळ असते किंवा सांडलेल्या मिठाच्या पाण्याचे कण. पहिल्या दिवशी बंद घर झाडल्यावर हे हमखास दिसतं, आणि तासाभरात जातं. पण ज्योतीचं टोक सतत पिवळं असेल आणि भांड्याला काजळी धरत असेल, तर गॅस अर्धवट जळतोय. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि पावसात दारं-खिडक्या लावून बसलेल्या घरात तो साठतो. स्वयंपाकघरात डोकं जड होणं, मळमळणं असं वाटलं तर शेगडी बंद करून आधी बाहेर मोकळ्यावर या.

आता दुसरा प्रकार. दोन्ही बर्नर सारखेच मंद. इथे शेगडी उलटी करण्याची घाई करू नका. सिलिंडर संपत आलाय का आणि पाइप कुठे दुमडला आहे का, हे आधी बघा. ते ठीक असेल तर संशय रेग्युलेटरवर जातो, आणि आपल्या भागात तिथला पाहुणा म्हणजे कुंभारीण माशी. खिडकीच्या चौकटीत, स्विचच्या भोकात, कुलपाच्या चावीच्या जागी मातीचं घर करते ती. काही जातीच्या माश्यांना आयती भोकं आवडतात. त्या आत भूल दिलेले कोळी नाहीतर अळ्या कोंबतात, त्यावर अंडं घालतात आणि तोंड ओल्या मातीने लिंपतात. माती वाळली की सिमेंटसारखी होते.

रेग्युलेटरच्या वरच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं, आणि ते बऱ्याच जणांच्या कधी लक्षातही आलेलं नसतं. आत रबराचा पडदा असतो. पडद्याच्या खाली गॅस, वर स्प्रिंग आणि साधी हवा. तुम्ही दुसरा बर्नर पेटवता तेव्हा खालचा दाब किंचित उतरतो, स्प्रिंग पडद्याला खाली दाबते आणि गॅसची वाट आणखी उघडते. पडदा खाली जाताना वरच्या जागेत बाहेरची हवा शिरावी लागते, ती या छिद्रातून. छिद्र मातीने बंद असेल तर पडद्याला वरून ओढ बसते, तो पुरता खाली जात नाही आणि शेगडीला गॅस कमी पडतो. उलट कोंडलेली हवा उन्हाने किंवा चुलीच्या आचेने तापली, तर तीच पडद्याला खाली दाबते आणि गॅस नको तेवढा येतो.

राजापूरकडच्या एका घरी अगदी हेच होतं. एक बर्नर एकटा लावला तर बरा जळायचा, दुसरा लावला की दोन्ही बसायचे. सिलिंडर नुकताच बदललेला. मी माझ्याजवळचा चांगला रेग्युलेटर लावून बघितला, दोन्ही बर्नर खणखणीत. मग त्यांचा रेग्युलेटर उजेडात आणला. झाकणाच्या कडेला वाटाण्याएवढा मातीचा गोळा होता, वरून हात फिरला तर खरखर लागावी एवढाच. त्या घरचे काका लगेच टाचणी घेऊन आले, त्यांना मी थांबवलं. वर बसलेली सुटी माती कोरड्या टूथब्रशने झाडायला हरकत नाही, पण छिद्रात काहीही घालायचं नाही. पडदा त्याच्या मागेच असतो. तो टोचला गेला तर त्याच छिद्रातून गॅस बाहेर येऊ लागतो, आणि मग मंद ज्योतीच्या जागी गळती होऊन बसते. रेग्युलेटर घरी खोलायची वस्तू नाही, दुकानात खोलायचीही नाही. गॅस एजन्सीत पासबुक घेऊन जायचं आणि बदलून आणायचा. त्यांनी तो तसाच बदलून आणला.

रेग्युलेटर सिलिंडरवरून काढून फळीवर किंवा जमिनीवर ठेवला असेल, तर त्याचं खालचं रुंद तोंडही बघा. पाच महिने उघडं राहिलेल्या तोंडात मुंग्या, कोळी, माती, काहीही असू शकतं. ते तसंच सिलिंडरवर बसवलं तर कचरा व्हॉल्व्हच्या रबरी रिंगवर बसतो आणि तिथून गॅस सूं सूं करत गळतो. तोंड खाली करून हलकेच आपटा, कोरड्या कापडाने पुसा. आतल्या पिनेला हात लावू नका. सिलिंडर बसवल्यावर वास आला, तर रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडरची प्लॅस्टिकची टोपी घट्ट बसवा. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत पसरतो. दार पुरतं उघडा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, पंखाही नाही. बाहेर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा.

दरवर्षी हे परत होतं, कारण कुंभारीण माशी आणि कोळी दरवर्षी येतात, आणि आपण शेगडी दरवर्षी तशीच उघडी सोडून जातो. काहीजण नळीच्या तोंडात कापूस किंवा कागदाचा बोळा कोंबून जातात. हे मला धोक्याचं वाटतं, कारण सहा महिन्यांनी बोळा कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि जो पहिल्यांदा गॅस लावेल त्याच्या हाताशी खाली भडका होतो. मी सांगतो ते असं, की निघायच्या दिवशी रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. रेग्युलेटरच्या तोंडावर आणि झाकणावर सुती कापड बांधा. दोन्ही बर्नर काढून, पुसून, एका डब्यात भरा आणि तो डबा डोळ्यांसमोर राहील असा ठेवा. मग शेगडी तळापासून जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने आवळा, खालची बाजू उघडी राहता कामा नये. बर्नर डब्यात असल्यामुळे चादर सोडल्याशिवाय आणि शेगडी एकदा बघितल्याशिवाय कोणाला ती पेटवताच येत नाही. ज्यांना मी हे करायला लावलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे गणपतीतले फोन बंद झाले.

मुंबईतल्या रोजच्या वापरातल्या शेगडीत झुरळांचा त्रास असेल, तर चादरीचा उपयोग नाही. तिथे रात्री शेवटचं भांडं उतरल्यावर ताटल्या काढून खालचं तेल पुसा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा रेग्युलेटर बंद करून नळीच्या तोंडात टॉर्च मारून बघा. झुरळाच्या अंड्यांची पेटी तपकिरी, चिंचोक्यापेक्षा लहान, कडेला शिवण असल्यासारखी दिसते. ती बहुधा नळीच्या तोंडालाच चिकटलेली असते, चिंधीने सहज निघते.